अवतरण दिलंय, संदर्भ दिलाय, तरी सिमिलॅरिटी २३ टक्के: अपील पत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाच्या ग्रंथालयात सिमिलॅरिटी रिपोर्ट काढायच्या टेबलावर बसलं की दर सत्रात तेच प्रश्न येतात. काही ईमेलने येतात, काही फोनवर, आणि बरेचसे दुपारी जेवणाच्या सुट्टीत काउंटरवर. एम.ए.चा लघुप्रबंध किंवा पीएच.डी.चा प्रबंध दिलेला असतो, रिपोर्टमध्ये टक्केवारी जास्त आलेली असते, आणि विद्यार्थ्याचं म्हणणं असतं की जुळलेला मजकूर रीतसर अवतरणात आहे आणि त्याखाली संदर्भ आहे. अशा वेळी समितीला पत्र कसं लिहायचं, एवढ्यापुरतीच ही पानं आहेत. संदर्भ न देता मजकूर उचलला असेल तर इथलं काही उपयोगी पडणार नाही.

रिपोर्टमध्ये २३ टक्के आले. म्हणजे मी वाङ्मयचौर्य केलं असं सिद्ध झालं का?

नाही. सॉफ्टवेअर फक्त जुळणी मोजतं. तुमच्या फाइलमधले शब्द त्याच्या साठ्यातल्या दुसऱ्या एखाद्या मजकुराशी ओळीने जुळतात की नाही, एवढंच त्याला कळतं. ते शब्द तुम्ही श्रेय देऊन घेतले की चोरून, हा निवाडा माणसाने करायचा असतो.

रिपोर्टच्या पहिल्या पानावरचा शेरा पाहून बरेच जण हबकतात. ड्रिलबिटच्या रिपोर्टमध्ये ११ ते ४० टक्क्यांना `B` ही श्रेणी आणि `Upgrade` हा शब्द छापून येतो. तो त्या टक्क्यांच्या पट्ट्याला लावलेला शिक्का आहे. तुमचा मजकूर कुणी वाचून तो दिलेला नसतो.

अवतरणचिन्हं आहेत, तळटीप आहे, मग सॉफ्टवेअर ते वगळत का नाही?

पहिलं कारण अगदी साधं असतं: वगळण्याचा पर्याय चालूच केलेला नसतो. रिपोर्ट काढताना अवतरणं वगळायची का, संदर्भसूची वगळायची का, किती शब्दांपेक्षा लहान जुळण्या सोडून द्यायच्या, हे रिपोर्ट काढणाऱ्याला निवडावं लागतं. ड्रिलबिटमध्ये `Exclude Information` या चौकटीत ते छापलेलं असतं. तिथे `Quotes` समोर `Not Excluded` दिसलं, तर तुमच्या अपिलाचा अर्धा मुद्दा त्या एका ओळीत आहे. टर्निटिनमध्ये हेच पर्याय फिल्टर म्हणून असतात.

पर्याय चालू असूनही अवतरणं मोजली जातात, तेव्हा कारण बहुधा आपल्या मराठी लिहिण्याच्या सवयीत सापडतं. आपण अवतरणाला सर्रास एकेरी चिन्हं वापरतो. टर्निटिन अवतरणं वगळताना दुहेरी चिन्हं धरतं, एकेरी धरत नाही. इंग्रजीत तेच चिन्ह अपॉस्ट्रॉफी म्हणूनही येत असल्यामुळे यंत्राला त्यावर भरवसा ठेवता येत नाही. दुसरी सवय कवितेची. ओवी, अभंग, लावणी आपण मधोमध किंवा आत सरकवून छापतो, शेवटी दोन दंड आणि क्रमांक देतो. वाचणाऱ्याला ते अवतरण असल्याचं लगेच कळतं, पण चिन्ह नसल्यामुळे यंत्राला तो तुमचाच मजकूर वाटतो. वर्ड फाइलमध्ये आत सरकवलेला परिच्छेद कधी ओळखला जातो. तीच फाइल पीडीएफ करून दिली की ती खूणही हरवते.

संदर्भसूचीचंही असंच. ती ओळखण्यासाठी सॉफ्टवेअर शीर्षक शोधतं. `References` किंवा `Bibliography` असेल तर अडचण येत नाही. ‘संदर्भग्रंथांची यादी’ असं लिहिलेलं प्रत्येक वेळी ओळखलं जाईल, असं धरून चालू नका. जुन्या फॉन्टचा घोळ वेगळा आहे, तो खाली स्वतंत्र प्रश्नात घेतला आहे.

यूजीसीचा नियम माझ्या बाजूने काय सांगतो?

आधार आहे तो यूजीसीच्या २०१८च्या विनियमांचा, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांमध्ये शैक्षणिक सचोटी वाढवण्यासाठी आणि वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी केलेल्या नियमावलीचा. त्यातला ७ क्रमांकाचा विनियम तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. आवश्यक ती परवानगी किंवा श्रेय देऊन उद्धृत केलेला सगळा मजकूर सिमिलॅरिटी तपासणीतून वगळायचा, असं तो सांगतो. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हेही वगळायचे. सर्वसाधारण संज्ञा, कायदे, प्रमाण चिन्हं आणि समीकरणंही वगळायची. म्हणजे कायद्याच्या लघुप्रबंधात कलमं जशीच्या तशी दिली असतील तर त्यांनाही हाच विनियम लागू होतो. सामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही त्यातून बाहेर ठेवले आहेत. मात्र कुणाचं तरी १३ शब्दांचं नेमकं वाक्य उचलून ‘१४च्या आत आहे’ म्हणणं हा या तरतुदीचा अर्थ नव्हे.

८ क्रमांकाच्या विनियमात पातळ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शून्य पातळी, त्यावर दंड नाही. १०च्या वर ४०पर्यंत पहिली पातळी, ४०च्या वर ६०पर्यंत दुसरी, ६०च्या वर तिसरी. पहिल्या पातळीत सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही अशा ठरलेल्या मुदतीत सुधारित प्रत द्यावी लागते, दुसरीत एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही, तिसरीत नोंदणी रद्द होते.

या दोन विनियमांचा क्रम पत्रात स्पष्ट मांडा. आधी सातव्याप्रमाणे वगळायचं आणि मग जे उरेल त्यावर आठव्याची पातळी लावायची. कच्च्या टक्केवारीवर पातळी लावली गेली असेल, तर तुमची हरकत नेमकी त्याला आहे.

पत्र कुणाच्या नावे लिहायचं? किती दिवसांत?

विनियमांप्रमाणे दोन पायऱ्या आहेत. पहिली विभागाची समिती, तिला सगळे डीएआयपी म्हणतात. विभागप्रमुख तिचे अध्यक्ष असतात, एक ज्येष्ठ प्राध्यापक विभागाबाहेरचे असतात, आणि एक सदस्य अशी सॉफ्टवेअरं जाणणारा असतो. तिने ४५ दिवसांत आपला अहवाल आणि शिफारस वरच्या, म्हणजे संस्थेच्या समितीकडे द्यायची असते. ही दुसरी समिती म्हणजे आयएआयपी. तीही ४५ दिवसांत संस्थाप्रमुखांना अहवाल देते, आणि त्याची एक प्रत तुम्हालाही मिळायला हवी. विभागाने शिफारस केलेला दंड कारणं देऊन बदलण्याचा अधिकार तिला आहे.

त्यामुळे प्रकरण विभागात असेल तर पत्र विभागप्रमुखांना, समितीचे अध्यक्ष या नात्याने. विभागाची शिफारस वर गेली असेल तर संस्थेच्या समितीच्या अध्यक्षांना. दोन्ही वेळा पत्र गाइडमार्फत द्या, म्हणजे ‘मार्फत’ अशी ओळ घालून त्यांची सही घ्या. गाइड सही करायला टाळाटाळ करत असतील तर पत्र थेट द्या आणि त्यांना प्रत पाठवल्याचं खाली नमूद करा. तुम्हाला दिलेली मुदत नोटिशीत असते, ती पाळा. सगळे कागद जमले नसतील तरी मुदतीत एक पानाचं पत्र द्या, त्यात ‘सविस्तर तक्ता अमुक तारखेला सादर करतो’ असं लिहा. आवक खिडकीवर पत्र देऊन पोच घ्या, आवक क्रमांक स्वतःच्या प्रतीवर टिपून घ्या. पुढे सगळा पत्रव्यवहार त्या क्रमांकावर चालतो. ‘सरांच्या टेबलावर ठेवलं होतं’ याला कुठेही किंमत नाही.

पत्र लिहायला बसण्याआधी हाताशी काय हवं?

पूर्ण रिपोर्ट हवा. बऱ्याच जणांना फक्त टक्केवारीचं पहिलं पान मिळतं, त्यावर काहीच लढता येत नाही. रंगवलेल्या मजकुरासह सगळी पानं आणि स्रोतांची यादी मागून घ्या. रिपोर्टवरचा सबमिशन आयडी आणि तारीख लिहून घ्या, कारण एकाच लघुप्रबंधाचे दोन-तीन रिपोर्ट निघालेले असतात आणि समितीच्या हातात कुठला आहे हे तपासावं लागतं.

मग खरं काम सुरू होतं, आणि त्याला एक पूर्ण दिवस लागतो. रिपोर्टमधली प्रत्येक रंगीत जुळणी घ्यायची, तुमच्या प्रतीत ती कुठल्या पानावर आहे ते पाहायचं, मूळ पुस्तक उघडून शब्द पडताळायचे, आणि तिला एका वर्गात टाकायचं: अवतरण व संदर्भ दोन्ही आहेत, संदर्भसूचीतली नोंद आहे, किरकोळ शब्दसमूह आहे, किंवा यांपैकी काही नाही. टर्निटिनच्या नव्या रिपोर्टमध्ये हे गट यंत्रच पाडून देतं आणि त्यात `Cited and Quoted` असा एक गट असतो. तो आयता मिळाला तर घ्या, पण आंधळेपणाने नको. वर सांगितलेल्या कारणांमुळे मराठी मजकूर चुकीच्या गटात जाऊ शकतो.

मूळ पुस्तकाचं मुखपृष्ठ, प्रकाशनाचं पान आणि उद्धृत मजकुराचं पान यांच्या झेरॉक्स जोडा. सगळ्या अवतरणांच्या जोडायची गरज नाही, सर्वांत मोठ्या आठ-दहा पुरतात.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा मांडायचा? एखादं उदाहरण द्याल?

आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण अशी प्रकरणं दरवर्षी येतात. समजा एम.ए. मराठीच्या एका विद्यार्थिनीचा लघुप्रबंध तुकारामांच्या अभंगांवर आहे, १८,००० शब्दांचा. रिपोर्ट २३ टक्के, म्हणजे ४,१४० शब्द जुळले. चौकटीत `Quotes` आणि संदर्भसूची, दोन्हींसमोर `Not Excluded`.

तिने एकेक जुळणी तपासली. ४१ ठिकाणी मिळून १,९६० शब्द हे अभंगांच्या ओळी होत्या, आत सरकवलेल्या आणि खाली गाथेचा क्रमांक दिलेल्या. ९ ठिकाणी ७२० शब्द समीक्षकांच्या पुस्तकांतले होते, एकेरी अवतरणचिन्हांत, तळटिपेत पानांचे क्रमांक. ६१० शब्द संदर्भसूचीचे. ३३० शब्द म्हणजे ‘भक्तिसंप्रदायाच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान आहे’ अशा छापाचे १४ शब्दांच्या आतले तुकडे. उरले ५२०.

या ५२०मध्ये १८० शब्दांचा एक उतारा पान ३७वर होता. त्याला तळटीप होती, पण अवतरणचिन्ह नव्हतं. बाकीचे ३४० शब्द तीन ठिकाणी होते. तिथे तिने दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगितलं होतं, संदर्भही दिला होता, पण वाक्यरचना मूळच्या फार जवळ राहिली होती.

५२० भागिले १८,००० म्हणजे २.९ टक्के. कुणी म्हणेल की वगळलेले शब्द एकूण संख्येतूनही काढा. मग अवतरणं आणि सूचीचे ३,२९० शब्द वजा करून १४,७१० उरतात आणि उत्तर ३.५ टक्के येतं. पत्रात दोन्ही आकडे द्यावेत, कारण समितीतला एखादा सदस्य हा प्रश्न हमखास काढतो. दोन्ही हिशेबांनी पातळी शून्यच राहते.

अभंगांबाबत तिला आणखी एक गोष्ट लिहावी लागली. गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींमध्ये एकाच अभंगाचा क्रमांक वेगळा असतो. समितीने दुसरी प्रत उघडून ताडून पाहिलं असतं तर तिचे सगळे क्रमांक चुकलेले दिसले असते, आणि ‘संदर्भ खोटे आहेत’ असा नवाच आरोप उभा राहिला असता. म्हणून वापरलेली प्रत, तिचा प्रकाशक आणि आवृत्तीचं वर्ष तक्त्याच्या वरच लिहिलं.

पत्राचा नमुना मिळेल का?

मिळेल, पण आकडे आणि पानं तुमचीच हवीत. वरच्या उदाहरणावरून:

> प्रति,
> मा. अध्यक्ष, विभागीय शैक्षणिक सचोटी समिती (डीएआयपी),
> मराठी विभाग
>
> मार्फत: मार्गदर्शक
>
> विषय: लघुप्रबंधाच्या सिमिलॅरिटी रिपोर्टमधील जुळणीबाबत फेरतपासणीची विनंती
>
> संदर्भ: आपली नोटीस क्र. …, दि. …, रिपोर्टचा सबमिशन आयडी …
>
> महोदय / महोदया,
>
> वरील रिपोर्टमध्ये माझ्या लघुप्रबंधात २३ टक्के (४,१४० शब्द) जुळणी दाखवली आहे. हा रिपोर्ट काढताना अवतरणे व संदर्भसूची वगळलेली नाही, असे रिपोर्टवरच नमूद आहे.
>
> जुळलेल्या मजकुरापैकी २,६८० शब्द हे उद्धृत केलेले अभंग व समीक्षात्मक उतारे असून प्रत्येक ठिकाणी मूळ ग्रंथ व पृष्ठ किंवा अभंग क्रमांक दिला आहे. ६१० शब्द संदर्भसूचीतील आहेत. यूजीसीच्या २०१८च्या विनियमांतील विनियम ७ नुसार हा मजकूर तपासणीतून वगळला जातो. ३३० शब्द १४ शब्दांपेक्षा लहान सर्वसाधारण शब्दसमूह आहेत. जुळणीनिहाय तक्ता सहपत्र १ मध्ये आहे.
>
> उर्वरित ५२० शब्दांपैकी पृष्ठ ३७ वरील १८० शब्दांच्या उताऱ्यास संदर्भ दिलेला आहे, परंतु अवतरणचिन्हे द्यायची राहिली आहेत. ही चूक माझी आहे. अन्य तीन ठिकाणी (३४० शब्द) संदर्भ असला तरी मांडणी मूळच्या जवळ गेली आहे. चारही ठिकाणची दुरुस्त वाक्ये सहपत्र ३ मध्ये जोडली आहेत.
>
> तरी विनियम ७ नुसार वगळणी करून नव्याने रिपोर्ट काढावा, काव्यपंक्तींची जुळणी समितीने प्रत्यक्ष पाहावी, आणि निर्णयापूर्वी मला बाजू मांडण्याची संधी द्यावी, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
>
> सहपत्रे: १) जुळणीनिहाय तक्ता २) मूळ ग्रंथांतील पृष्ठांच्या प्रती ३) दुरुस्त परिच्छेद ४) संपूर्ण रिपोर्ट

पत्र एका पानात बसवा. पटवून द्यायचं काम तक्त्याचं आहे. तक्त्यात जुळणीचा रिपोर्टमधला क्रमांक, तुमचं पान, मूळ पुस्तक व पान, अवतरण कसं दाखवलंय आणि शब्दसंख्या एवढे रकाने पुरतात.

पत्रात काय टाळावं?

‘माझा हेतू प्रामाणिक होता’ याच्यावर परिच्छेद खर्ची घालू नका. हेतू दिसत नाही, पान ३७ दिसतं. ‘सॉफ्टवेअरच सदोष आहे’ हेही लिहू नका. सॉफ्टवेअरने त्याचं काम बरोबरच केलेलं असतं, त्याला वगळायला सांगितलेलं नसतं इतकंच. घरची परिस्थिती, नोकरीची मुलाखत, लग्नाची तारीख यांतलं काही घालायचंच असेल तर लवकर निर्णय व्हावा यासाठी शेवटी एका ओळीत घाला. आणि इतरांचं नाव घेऊ नका. ‘त्याचे ३१ आले होते तरी पास झाला’ या वाक्याने तुमचं काही भलं होत नाही, त्याचं मात्र वाटोळं होऊ शकतं.

एका ठिकाणी अवतरणचिन्ह खरंच राहिलंय. ते आपणहून सांगू का?

सांगा. समिती पूर्ण रिपोर्ट पाहणारच आहे. तुमच्या तक्त्यात नसलेली जुळणी त्यांनी शोधून काढली, तर बाकीच्या पन्नास बरोबर नोंदींवरचाही विश्वास उडतो. नमुन्यात जसं लिहिलंय तसं, कारणं न देता, दुरुस्तीसह लिहा. मात्र तळटीपही नसेल आणि अवतरणचिन्हही नसेल, तर त्याला ‘अवतरणचिन्ह राहिलं’ म्हणू नका. श्रेय न देणं ही वेगळी चूक आहे आणि ती वेगळीच लिहायला हवी.

रिपोर्टमध्ये भलत्याच विद्यापीठाचा प्रबंध स्रोत म्हणून दाखवलाय. मी तो पाहिलेलासुद्धा नाही!

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. तुम्ही ज्या पुस्तकातून उतारा घेतला ते पुस्तक इंटरनेटवर नाही, म्हणून सॉफ्टवेअरच्या साठ्यातही नाही. पण तोच उतारा दहा वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या प्रबंधात दिला आणि तो प्रबंध शोधगंगेवर आहे. यंत्राला तेवढाच दिसतो, म्हणून ते त्याचं नाव छापतं. समितीला वाटतं, तुम्ही त्या प्रबंधातून उचललं.

यावर उपाय म्हणजे मूळ पुस्तकाच्या पानाची प्रत. शिवाय तो प्रबंध उघडून पाहा. जुळणी फक्त उद्धृत ओळींपुरती असेल आणि उताऱ्याच्या आगेमागेची वाक्यं तुमची वेगळी असतील, तर ते तक्त्यात लिहा. दोघांनी एकाच विहिरीतून पाणी काढलंय हे त्यातून दिसतं.

आता नाजूक भाग. तुम्ही खरंच मूळ पुस्तक न पाहता त्या प्रबंधातूनच उतारा घेतला असेल आणि तळटीप मात्र मूळ पुस्तकाची दिली असेल, तर ते लपत नाही. त्या प्रबंधात टायपिंगची चूक असते, एखादा शब्द गळलेला असतो किंवा पान क्रमांक चुकलेला असतो, आणि तीच चूक तुमच्याकडेही जशीच्या तशी उतरलेली असते. अनुभवी परीक्षक हेच शोधतात. असं असेल तर ‘अमुक प्रबंधात उद्धृत’ अशी दुरुस्ती आधी करा, मगच अपील लिहा.

माझा लघुप्रबंध श्रीलिपीत टाइप केलाय. त्याचा काही संबंध आहे का?

बराच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. एक चाचणी करून पाहा: पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर सॉफ्टवेअरनेही तेच वाचलंय. अशा फाइलमध्ये अवतरणचिन्हाचा संकेत दुसऱ्याच कुठल्या अक्षराचा असू शकतो, त्यामुळे अवतरणं वगळण्याचा पर्याय चालू असूनही उपयोग होत नाही. रिपोर्टमधली टक्केवारी कधी अवास्तव कमी येते, कधी त्याच फॉन्टमधल्या दुसऱ्या फाइलशी विचित्र जुळते.

पत्रात ही गोष्ट नोंदवून युनिकोडमध्ये बदललेल्या प्रतीवर नव्याने तपासणी मागता येते. पण परिणाम आधी समजून घ्या. खरी जुळणी पहिल्यांदा तेव्हाच दिसेल, आणि टक्केवारी वाढूही शकते. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार तपासून घ्या, तिथे खूप मोडतोड होते.

समितीने स्रोतच वगळून टाकला आणि टक्केवारी उतरली. मग प्रश्न मिटला ना?

पूर्ण स्रोत वगळणं आणि एकेक जुळणी वगळणं यांत फरक आहे. स्रोत वगळला की त्या पुस्तकातून किंवा प्रबंधातून आलेली प्रत्येक जुळणी नाहीशी होते, अवतरणात नसलेलीसुद्धा. पुढे कुणी तक्रार केली तर ‘आकडा मुद्दाम पाडला’ असं म्हणायला जागा राहते. म्हणून तुमची मागणी जुळणीनिहाय वगळणीची असावी, आणि काय वगळलं याची नोंद समितीच्या अहवालात यावी, असं लिहून मागा.

अपील चालू असताना दुरुस्त प्रत दुसरीकडे तपासून घेऊ का?

बाहेरच्या दुकानात तपासून घेण्यात मोठा धोका आहे. प्रत कुठल्या साठ्यात जाऊन बसते हे तुम्हाला कळत नाही. ती साठ्यात गेली की पुढच्या अधिकृत तपासणीत तुमचाच लघुप्रबंध तुमच्याशी जुळतो आणि टक्केवारी ९०च्या वर जाते. तपासायचंच असेल तर ग्रंथालयातूनच, आणि साठवणूक बंद ठेवून तपासायला सांगा. अवतरणातले शब्द बदलून टक्केवारी पाडण्याचा नाद तर अजिबात नको. तुकारामांची ओळ बदलली तर ती तुकारामांची राहत नाही, आणि चुकीचं उद्धृत केल्याचा ठपका येतो तो वेगळाच.

माझ्या लघुप्रबंधात अवतरणंच ३० टक्के आहेत, सगळी संदर्भासह. नियमाने मी सुटलो?

वाङ्मयचौर्याच्या आरोपातून, हो. विनियम ७मध्ये उद्धृत मजकुराला वरची मर्यादा घातलेली नाही. पण ‘यात तुमचं स्वतःचं काय आहे?’ हा प्रश्न परीक्षक तोंडी परीक्षेत विचारू शकतात, आणि त्यावर हे पत्र चालत नाही. तो मूल्यमापनाचा भाग आहे, सचोटी समितीचा नाही. तसंच सारांश, निष्कर्ष आणि शिफारशी या भागांत जुळणी नसावी, असं विनियम सांगतात. तिथे लांब अवतरण असेल तर ते बचावापेक्षा अडचणच वाढवतं.

मी बी.ए.ला आहे. प्रोजेक्टला १८ टक्के आले म्हणून परत केलाय. हाच नियम दाखवू का?

तो तुम्हाला लागू नाही. विनियमांनी ‘स्क्रिप्ट’ची व्याख्या पदव्युत्तर आणि संशोधन पदवीसाठीच्या किंवा प्रकाशनासाठीच्या लेखनापुरती ठेवली आहे, आणि असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध, उत्तरपत्रिका त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. तुमच्या कॉलेजचा स्वतःचा नियम पाहा आणि पत्र विषयशिक्षक व विभागप्रमुखांना लिहा. तक्ता मात्र वरच्यासारखाच करा, तो कुठेही चालतो. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनीही आपलं काम अभ्यासक्रमात ‘डिझर्टेशन’ म्हणून आहे की ‘प्रोजेक्ट’ म्हणून, हे सिलॅबसमध्ये पाहून घ्यावं. कारण नावावरून नियम बदलतो.

विभागाच्या समितीने न ऐकताच शिफारस वर पाठवली. आता?

दोन्ही समित्यांनी नैसर्गिक न्यायाचं तत्त्व पाळायचं, असं विनियमांत आहे. दंड लावण्याआधी गैरवर्तन निःसंशय सिद्ध झालेलं हवं, अपिलाचे सगळे मार्ग संपलेले हवेत आणि बाजू मांडायची पुरेशी संधी मिळालेली हवी, हेही आहे. संस्थेच्या समितीला लिहिताना हाच मुद्दा आधी घ्या: सुनावणी झाली नाही, तक्ता पाहिला गेला नाही. पहिल्या पत्राचा आवक क्रमांक आणि तारीख इथे कामी येते. त्यानंतर जुना तक्ता तसाच जोडा, त्यात आकडे बदलू नका. चूक सापडली असेल तर खाली वेगळी टीप द्या, नाहीतर दोन पत्रांतले दोन आकडे हाच चर्चेचा विषय होऊन बसतो.